नवरा तुमच्याच कंपनीत आहे

दुसऱ्यांच्या घरात डोकावायची मला लहानपणापासून खोड आहे. आई म्हणायची, हिला कुणाच्या दारात उभी करू नका, आत काय शिजतंय ते विचारून येईल. पुढे मला नोकरी लागली ती नेमकी माणसांना प्रश्न विचारायची, तेव्हा आईनं कपाळावर हात मारून घेतला. गोळ्या-औषधं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी भरतीचं काम बघते. सतरा वर्षं झाली. अर्ज आले की चाळायचे, बरे वाटतील त्यांना फोन करायचा, कागद तपासायचे, मुलाखती लावायच्या आणि शेवटी एकाला पत्र आणि बाकीच्यांना गोड नकार द्यायचा.

पहिल्या फोनवर विचारायचे माझे प्रश्न ठरलेले आहेत. शिक्षण, आधीचं काम, मध्ये खंड पडला असेल तर तो, पाळ्या जमतील का, आणि मग पाचवा प्रश्न: "आमच्या कंपनीत तुमचं कोणी जवळच्या नात्यातलं काम करतं का?" हा माझा लाडका प्रश्न. इथे माणूस खरा दिसतो. एकानं ठासून "कोणी नाही" सांगितलं होतं, आणि रुजू झाल्यावर चौथ्या दिवशी बॉयलरवरच्या माणसाला कँटीनमध्ये सगळ्यांदेखत "दादा" म्हणून हाक मारली. सख्खा भाऊ! त्याची नोकरी गेली ती भाऊ असल्यामुळे नव्हे, नाही म्हटल्यामुळे. दुसऱ्यानं न विचारता मामेभावाच्या मेहुण्यापर्यंत सगळी यादी वाचून दाखवली. त्याला वाटलं, आपलं वजन पडेल. त्याला म्हटलं, "अहो, वशिला लावायला विचारत नाहीये, वशिला लागू नये म्हणून विचारतेय."

तर ही बाई. तिला मी मनातल्या मनात काटेवाली म्हणायचे, कारण तिचं सगळं आयुष्य वजनकाट्यांत गेलं होतं. वय त्रेचाळीस. आमच्याकडे गुणवत्ता विभागात काटे तपासणाऱ्या माणसाची जागा निघाली होती. औषधाच्या कारखान्यात काट्याला फार मान. पोत्याचा काटा वेगळा, किलोचा वेगळा, आणि प्रयोगशाळेतला तर असा की जवळून कुणी जोरात चालत गेलं तरी आकडा थरथरतो. हे सगळे काटे खरं बोलतात की नाही, हे ठरलेल्या वजनांनी रोज तपासायचं आणि वहीत सही करायची, असं ते काम. तिचा अर्ज चांगला होता, फक्त मध्ये आठ वर्षांचा खंड होता. मी फोन केला.

चार प्रश्नांची उत्तरं तिनं नीट दिली. खंड सासूच्या आजारपणाचा होता. "सासूबाई अंथरुणाला होत्या. आता नाहीत," एवढंच. मग मी पाचवा विचारला.

ती थांबली नाही की अडखळली नाही. "हो. नवरा तुमच्याच कंपनीत आहे. स्टोअरमध्ये. तोलखोलीत असतात."

मी पेन उचललं. "नाव सांगता?"

तिनं नाव सांगितलं आणि मला हसूच आलं. तो माणूस सगळ्या कारखान्याला माहीत आहे. तोलखोलीत कच्चा माल मोजून देतो. एक ग्रॅम कमी नाही, एक ग्रॅम जास्त नाही. त्याच्या हातून माल लवकर सुटत नाही म्हणून उत्पादनवाले वैतागून त्याला ग्रॅमभाऊ म्हणतात. तिचं आडनाव माहेरचं होतं, कारण सगळी सर्टिफिकिटं त्याच नावाची. तिनं सांगितलं नसतं तर आम्हाला कळायचं कारण नव्हतं.

तिला मी नेहमीचं सांगितलं. नवरा इथे आहे म्हणून अर्ज बाद होत नाही. तीन गोष्टी चालत नाहीत: एकानं दुसऱ्याचा साहेब असणं, एकानं दुसऱ्याचं काम तपासणं, आणि भरतीत नात्यातल्या माणसाचा हात असणं. त्यातलं काही आड येत असेल तर ते कसं टाळायचं हे वरचे लोक बघतील, नाहीच टळलं तर ही जागा देता येणार नाही. "पण तुम्ही आधी सांगितलंत हे बरं केलंत," मी म्हटलं. "रुजू झाल्यावर कळलं असतं तर सगळंच अवघड झालं असतं."

"मॅडम, एक विनंती आहे," ती म्हणाली. "त्यांना कळता कामा नये, मी अर्ज केलाय ते."

मी खुर्चीत ताठ बसले. सतरा वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. लोक नवऱ्याला सांगून, नवऱ्याकडून अर्ज पोचवून, नवऱ्यालाच बाहेर बाकावर बसवून येतात.

"घरात काही... म्हणजे भांडण वगैरे?" विचारायला नको होतं. विचारलंच.

"छे हो! चांगला आहे नवरा. म्हणूनच तर."

तिला मी सांगितलं की निवड होईपर्यंत त्यांना कळवायची आम्हाला गरज नाही. माझे साहेब आणि कारखान्याचे प्रमुख ह्या दोघांना सांगावं लागेल, कारण जागा कुठे आड येते ते त्यांनाच ठरवायचं आहे. मुलाखत घेणाऱ्यांना सांगणार नाही. पण निवड झाली तर नवऱ्याला कळणार, कारण तेव्हा दोघांच्याही सह्या लागतात. "तेवढं चालेल," ती म्हणाली. "तोवर कळायला नको."

त्या रात्री आमच्या घरी मी भाजीत मीठ घालायला विसरले. चांगला आहे म्हणून सांगायचं नाही, ही काय भानगड?

भानगड कळली ती कागद तपासायच्या दिवशी. ती आली, साधी सुती साडी, खांद्याला मोठी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या कव्हरांत घातलेली सर्टिफिकिटं तारखेनुसार लावलेली. मी उगाच एकेका कागदावर वेळ काढत होते. मग म्हटलं, "पहिली नोकरी कशी लागली तुम्हाला?"

ती हसली. तिला माझा प्रश्न कळला होता. "वडिलांचं काटेदुरुस्तीचं दुकान होतं. मी सहावीत असल्यापासून काटे उघडायचे. पहिली नोकरी वडिलांच्या मित्राकडे. तिथे मी अमक्यांची मुलगी. दुसरी मामांच्या ओळखीनं. तिथे मी तमक्यांची भाची. तिसऱ्या वेळी मी हट्टानं स्वतः अर्ज केला. हे तेव्हा दुसऱ्या कंपनीत होते, पण त्यांचा कोणी मित्र तिथे होता. ह्यांनी शप्पथ घेऊन सांगितलं, मी काही बोललो नाही. वर्षभरानं कळलं की बोलले होते. फक्त एकच शब्द टाकला होता, म्हणाले. एकच!"

"मग काय झालं? नोकरी तर लागली."

"लागली ना." तिनं कव्हर बंद केलं. "तिथे एक मोठा काटा चुकत होता. थोडाच, पण एकाच बाजूला. कोपऱ्यावर वजन ठेवलं की दिसायचं. मी सुपरवायझरला सांगितलं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, वशिल्याचं तट्टू आलंय आम्हाला शिकवायला. सगळे हसले. सहा महिन्यांनी बाहेरची माणसं आली तेव्हा तोच काटा चुकीचा निघाला. तेव्हा कोणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि मला उलटून बोलता आलं नाही मॅडम, कारण तो खोटं कुठे बोलत होता? शब्द टाकलाच होता ना."

मला त्या सुपरवायझरचा असा राग आला की हातातला स्टेपलर मी नको तिथे दाबला. पण त्याहून जास्त राग, कसा सांगू, त्या चांगल्या माणसांचा आला. वडील चांगले, मामा चांगला, नवरा चांगला. सगळ्यांनी मिळून हिचं चांगलं करत करत हिच्या हाताला स्वतःचं असं काहीच लागू दिलं नव्हतं.

"ह्या वेळी नाही लागली तरी चालेल," ती उठताना म्हणाली. "पण लागली तर ती मला लागायला हवी."

आता माझी चूक सांगते, कारण ती लपवून बाईचं गुणगान करण्यात काही अर्थ नाही. साहेबांना आणि कारखान्याच्या प्रमुखांना मी नात्याचं सांगितलं, त्यांनी नोंद केली. मुलाखत घेणारे दोघं प्रयोगशाळेचे होते, त्यांचा ग्रॅमभाऊशी संबंध नव्हता. मी निश्चिंत झाले. पण मुलाखतीनंतर एक प्रत्यक्ष काम करून दाखवायची परीक्षा असते, आणि ती गुरुवारी तोलखोलीशेजारच्या खोलीत ठेवली होती. सहा उमेदवारांना तिथे कोणीतरी वजनांची पेटी द्यायची, काट्याचे आकडे लिहून घ्यायचे. मी सोमवारी उमेदवारांची यादी स्टोअरच्या साहेबांकडे पाठवली आणि माणूस कोण देणार, हे विचारलंच नाही. त्यांनी आपला सगळ्यात काटेकोर माणूस दिला. कोण असणार दुसरा?

मंगळवारी सकाळी माझ्या दारात ग्रॅमभाऊ. डोक्यावरची टोपी हातात, केस चिकटलेले. आत येऊन त्यानं दार लोटलं.

"मॅडम, मला गुरुवारच्या कामावरून काढा."

"का हो?"

"यादीत चौथ्या नंबरला जी बाई आहे ना, ती माझी बायको आहे. मी आकडे लिहायचे आणि तिला मार्क मिळायचे, हे बरोबर नाही. काल यादी बघितली, म्हटलं सकाळी पहिलं हेच."

मी त्याला सांगू शकत नव्हते की मला आधीच माहीत आहे. तिचं सांगणं तिचं होतं. मी फक्त म्हटलं, "सांगितलंत, बरं केलंत. हा फॉर्म भरून द्या." नात्याची माहिती द्यायचा आमचा एकपानी फॉर्म आहे, तो नोकरीतल्या माणसानंही भरायचा असतो. तो माझ्यासमोरच बसला, खिडकीकडे तोंड करून, आणि परीक्षेचा पेपर लिहावा तसा लिहीत बसला. मी पाणी प्यायले, दोन फोन केले, तरी ह्याचं चालूच. लिहून झाल्यावर मी वाचला, माझी सही करून फाइलला लावला, आणि ती फाइल माझ्या कपाटात. मुलाखतवाल्यांकडे ती जात नाही.

मग माझी खोड उठलीच. "तुम्हाला यादीतूनच कळलं?"

"नाही, अंदाज होता." तो थोडा लाजला. "कपाटातली तिची सर्टिफिकिटं जागेवर नव्हती. आणि महिनाभर घरात चहाची साखरसुद्धा ती किचनच्या काट्यावर मोजून घालतेय. हात बसवत होती. काल म्हणाली, गुरुवारी मी बँकेत जाणार आहे. मी म्हटलं, जा."

"एवढंच?"

"एवढंच. दुसरं काय म्हणणार? तिला माझ्यापासून लपवायचंय तर लपवू दे की." उठताना तो दारापाशी थांबला. "मॅडम, मला माहीत आहे हे तिला सांगू नका. तिचा मूड जाईल."

दोघं एकाच घरात राहतात, एकाच टेबलावर जेवतात, आणि दोघांचं गुपित माझ्या एकटीच्या पोटात! मला रात्री झोप लागेना. नवरा म्हणाला, आता काय झालं? सांगता येत नव्हतं. सांगता न येणं ही माझ्यासारखीला केवढी शिक्षा आहे, ते कुणाला कळायचं नाही.

मी स्टोअरच्या साहेबांना फोन करून माणूस बदलून घेतला. कारण विचारलं तर म्हटलं, आमच्या विभागाचं कारण आहे. ग्रॅमभाऊनं स्वतःच त्या दिवशी दुसरी पाळी मागून घेतली, म्हणजे ती परीक्षा देऊन बाहेर पडेपर्यंत तो कारखान्याच्या फाटकातसुद्धा नको.

गुरुवारी मी परीक्षा बघायला गेले. जायची गरज नव्हती. खोलीत एक काटा, एक लाकडी पेटीतली वजनं, एक वही. प्रयोगशाळेचे दोघं भिंतीला टेकून उभे. पहिले तिघे आले तसे सरळ वजन ठेवून आकडे वाचायला लागले. एकानं तर वजन बोटांनीच उचललं, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बोटाचा घाम लागला की वजन वाढतं.

काटेवाली आली ती आधी काट्यापाशी गेलीच नाही. पेटीवरचा नंबर वाचला आणि म्हणाली, "ह्या वजनांचं सर्टिफिकेट बघायला मिळेल?" ते आणून दिलं. तिनं तारीख बघितली, मान हलवली. मग काट्याच्या बाजूला वाकून बघितलं. काट्याला पाण्याच्या पातळीचा एक छोटा बुडबुडा असतो, तो मधोमध असावा लागतो. तो मुद्दाम थोडा सरकवून ठेवला होता. तिनं खालचे पाय फिरवून बुडबुडा मध्ये आणला, काट्याला जरा वेळ तसाच राहू दिला, आणि मगच चिमट्यानं पहिलं वजन ठेवलं. मध्ये एकदा, मग चारही कोपऱ्यांवर एकेकदा. एका कोपऱ्यावर दोनदा. दर वेळी आकडा थांबेपर्यंत हात मागे. सगळं झाल्यावर म्हणाली, "काटा चांगला आहे. पण उजवा मागचा कोपरा जरा ओढतोय. अजून मर्यादेत आहे, लक्ष ठेवायला हवं."

दोघांपैकी मोठ्या साहेबांनी भिंत सोडली. कुणालाच माहीत नव्हतं ते. तिच्या मागून आलेल्या दोघांची परीक्षा मी नीट बघितलीसुद्धा नाही.

मार्क आले तेव्हा ती पहिली होती, आणि दुसऱ्यापेक्षा बरीच पुढे. आता उरला होता जागेचा प्रश्न. माझे साहेब, कारखान्याचे प्रमुख आणि गुणवत्तेचे प्रमुख बसले. निवड ठरल्यामुळे आता गुणवत्तेच्या प्रमुखांनाही नातं सांगितलं. ते आधी म्हणाले, "मग नकोच. नवरा ज्या काट्यावर तोलतो, त्याच काट्याला बायकोनं बरोबर आहे म्हणून सही द्यायची? उद्या माल कमी भरला तर विचारायचं कुणाला?"

त्यांचं चूक नव्हतं. मग कारखान्याचे प्रमुख म्हणाले, "कारखान्यात काटे किती आहेत?" चौसष्ट. "तोलखोलीतले?" पाच. "मग त्या पाचांची सही दुसऱ्या तंत्रज्ञाची. हिनं त्या खोलीत काट्याला हात लावायचा नाही, आणि ह्यानं तोललेला माल असेल तर तपासणीची सही हिची नको. लिहून काढा, दोघांच्या सह्या घ्या, दर वर्षी पुन्हा बघा." अर्ध्या तासात संपलं. एवढ्या साध्या वाटेसाठी किती लोक खोटं बोलतात, हे बघून मला नेहमीच नवल वाटतं.

मी तिला फोन केला. ती म्हणाली, "माझीच निवड झाली? नक्की?" आणि मग, "ह्यांना मीच सांगते आज."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दोघं माझ्यासमोर. तो टोपी हातात फिरवत, ती पिशवी मांडीवर घट्ट धरून. टेबलावर नेमणुकीचं पत्र आणि तो सह्यांचा कागद. मी मोठ्या उत्साहानं पत्र तिच्याकडे सरकवलं. तिनं ते एका बोटानं परत माझ्याकडे ढकललं.

"मला ही नोकरी नको."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पडला होता. "हिनं सांगितलं तेव्हा मी नवल वाटल्यासारखं करायला हवं होतं," तो म्हणाला. "मला नाही जमलं. मी म्हटलं, माहीत होतं मला."

"कधीपासून, विचारा त्यांना," ती म्हणाली. "परीक्षेच्या आधीपासून! आणि वर म्हणतात, मी काही बोललो नाही. हे वाक्य मी ऐकलंय आधी."

"अगं, ह्या वेळी खरंच..."

"त्या वेळीही खरंच होतं."

मी मध्ये पडले. मार्क कोणी दिले, मुलाखतवाल्यांना काहीच कसं माहीत नव्हतं, सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती, पण ऐकून घेणं आणि पटणं ह्यांत फरक असतो. "मॅडम, तुम्ही चांगल्या आहात," ती म्हणाली. "तुम्हीही माझं चांगलंच बघणार." तिचे डोळे भरून आले होते आणि तिला त्याचाच राग येत होता. ती उठायला लागली.

मला तेव्हा खरंच वाटलं की गेली ही. एवढ्या चांगल्या कामाची बाई आमच्या हातून गेली, आणि ती पुन्हा अर्ज करणार नाही, कुठेच करणार नाही.

मी ग्रॅमभाऊला म्हटलं, "तुमचा फॉर्म दाखवू का ह्यांना? तुमचा आहे, तुम्ही हो म्हणालात तरच."

तो एकदम लाल झाला. "तो नको." मग तिच्याकडे बघून, "बरं. दाखवा."

मी कपाटातून फाइल काढली आणि तो एकपानी फॉर्म तिच्यासमोर ठेवला. तिनं चष्मा लावला. वर मंगळवारची तारीख आणि वेळ, नऊ चाळीस. नातं: पत्नी. खाली त्याच्या टपोऱ्या अक्षरात: मला या परीक्षेच्या कामावर ठेवू नये, माझा या निवडीशी कोणताही संबंध नसावा. आणि त्याखाली, 'आणखी काही माहिती' ह्या जागेत, एक ओळ खोडलेली.

इथे एक सांगायला हवं. औषधाच्या कारखान्यात लिहिलेलं कधी गिरगटून टाकत नाहीत, पांढरं फासत नाहीत. चुकलं तर एकच सरळ रेघ मारायची, अशी की खालचं वाचता यावं, आणि शेजारी सही, तारीख, वेळ आणि कारण. दहा वर्षं तोलखोलीत बसलेल्या माणसाचा हात दुसऱ्या प्रकारे खोडूच शकत नाही. तर ती ओळ एका रेघेखाली स्वच्छ वाचता येत होती: 'तिच्याइतका काटा ओळखणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही.'

तिनं ती वाचली. मग बोट ठेवून पुन्हा वाचली. मला वाटलं, आता रडेल. पण ती तपासणारी बाई.

"एक रेघ आहे," ती म्हणाली. "खालचं वाचता येतंय. सही आहे, तारीख आहे, वेळ तीच आहे. म्हणजे लिहिलं तसं लगेच खोडलंय." तिनं मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. "अहो, कारण लिहिलेलं नाही."

मी ओशाळले. मीच तो फॉर्म सही करून घेतला होता, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ग्रॅमभाऊनं माझ्या टेबलावरचं पेन उचललं. जरा विचार केला. मग त्या ओळीच्या शेजारी, समासात, आजची तारीख घालून त्यानं लिहिलं: 'मजकूर खरा आहे. सांगणारा नवरा आहे, म्हणून खोडला.' खाली सही केली आणि कागद तिच्याकडे वळवला.

तिनं ते वाचलं. मग माझ्या हाताखालचं पत्र ओढून घेतलं आणि त्याच पेननं सही केली.